व्हीएमसी घेताना घसारा कोणत्या पद्धतीने धरायचा? सरळ रेषेने एनपीव्ही उणे येतो, घटत्या मूल्याने अधिक येतो

उद्यमबाग_टर्नर

नमस्कार. बेळगावात उद्यमबागेत आमचे भागीदारीतले मशीन शॉप आहे. दोन सीएनसी लेथ आणि एक जुनी ड्रिलिंग मशीन यांवर आजूबाजूच्या फाउंड्रींचे पंप बॉडी आणि व्हॉल्व्हचे जॉबवर्क आम्ही करतो. आता एक व्हीएमसी घ्यायचे ठरत आहे. जीएसटी सोडून किंमत ४० लाख आहे. सगळा खर्च वजा जाता ती वर्षाला ८.५ लाख मिळवून देईल आणि १० वर्षांनी ५ लाखांना विकली जाईल, असा माझा अंदाज आहे. भागीदारी संस्था असल्यामुळे उपकरासह आमचा कर ३१.२ टक्के आहे. परताव्याचा दर मी १२ टक्के धरला आहे.

बँकेसाठी ज्यांनी प्रकल्प अहवाल करून दिला, त्यांनी १५ वर्षे आयुष्य आणि ५ टक्के भंगार किंमत धरून सरळ रेषेने घसारा लावला आहे, म्हणजे वर्षाला २ लाख ५३ हजार. त्याच आकड्यावरून मी पुढचा हिशोब केला. कर कापून हाती राहणाऱ्या ५.८५ लाखांचे दहा वर्षांचे आजचे मूल्य ३३.०४ लाख होते, घसाऱ्यामुळे वाचणाऱ्या कराचे ४.४७ लाख आणि शेवटच्या विक्रीचे १.६१ लाख. बेरीज ३९.१२ लाख येते, म्हणजे ४० लाखांच्या मशीनवर एनपीव्ही उणे ८८ हजार. भावाने घटत्या मूल्याने हिशोब केला, तर एनपीव्ही अधिक आला. एकाच मशीनचे हे दोन निकाल कसे, आणि यातला कोणता धरून निर्णय घ्यायचा?

टिळकवाडी_निवृत्त

मी तीस वर्षे बँकेत कर्जखात्यात होतो, म्हणून लिहितो. बँकेला सरळ रेषा आवडते, कारण दरवर्षीचा नफा समान दिसतो आणि पहिल्याच वर्षी ताळेबंद खाली बसत नाही. पण कर वाचवायचा असेल तर तुमच्या पुस्तकांत घटत्या मूल्याची पद्धत लावा. सुरुवातीला घसारा जास्त, म्हणून कर कमी, म्हणून पैसा लवकर हातात. घटते मूल्य हे नेहमीच सरस असते, त्यात फार विचार करण्यासारखे काही नाही. एक्सेलमध्ये `DB` हे सूत्र आहे, ते वापरा म्हणजे सगळे आपोआप निघेल.

निपाणी_वखार

माझाही असाच प्रश्न आहे. वखारीसाठी मी पाच लाखांची पॅकिंग मशीन घेतली आहे. उलाढाल कमी असल्यामुळे मी उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने नफा दाखवून विवरण भरतो. मी कोणती पद्धत निवडावी?

शहापूर_सीए

निपाणीकर, आपल्याला यात निवडण्यासारखे काहीच उरत नाही. अनुमानित पद्धतीत जो ठरावीक टक्का नफा धरला जातो, त्यातच घसारा वजा झालेला आहे असे मानतात, त्यामुळे त्या मशीनवर वेगळी करबचत होत नाही. इतकेच लक्षात ठेवावे की कागदोपत्री त्या मशीनचे मूल्य, जणू दरवर्षी घसारा घेतलाच आहे अशा रीतीने, तरीही खाली जात राहते. पुढे नेहमीच्या पद्धतीवर आलात तर ते पूर्ण पाच लाखांपासून सुरू होणार नाही.

आता मूळ प्रश्न. टिळकवाडीकर काकांनी सांगितलेल्यातला अर्धा भाग बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यामुळे हिशोब चुकण्याची शक्यता जास्त. पुस्तकांत कोणती पद्धत लावली याचा प्राप्तिकराशी संबंध नसतो. सामान्य यंत्रसामग्रीसाठी प्राप्तिकराचा घसारा घटत्या मूल्यावर १५ टक्के असा ठरलेला आहे. ताळेबंदात सरळ रेषा असली तरी विवरण भरताना पुस्तकातला घसारा नफ्यात परत मिळवून १५ टक्क्यांचा वजा केला जातो. त्यामुळे एनपीव्हीमध्ये करबचतीच्या ओळीवर पुस्तकाचा घसारा कधीच बसवू नये. अहवालातले २.५३ लाख हे बँकेला नफा दाखवण्यासाठी आहेत. आपल्या कराच्या पावतीवर ते कुठेही दिसणार नाहीत.

`DB` या सूत्राबद्दलही सांगतो, कारण ही चूक मी अनेकांच्या शीटमध्ये पाहिली आहे.

```
=SLN(40,2,15)
=DB(40,2,15,1)
```

पहिले सूत्र २.५३ देते. दुसरे ७.२४ देते. ते सूत्र १५ वर्षांत ४० चे २ व्हावेत असा दर स्वतःच शोधते, आणि तो दर १८.१ टक्के निघतो. कंपनी कायद्याच्या आयुर्मानावरून पुस्तकांत जो घटत्या मूल्याचा दर येतो, तोही हाच. प्राप्तिकराचा दर मात्र १५ टक्के आहे, म्हणजे पहिल्या वर्षी ६ लाख. दोन्हींचे नाव एकच असल्यामुळे घोटाळा होतो.

उद्यमबाग_टर्नर

म्हणजे भावाचा हिशोब बरोबर आणि माझा चूक? त्याच्याही शीटमध्ये दहा वर्षांनंतर ७ लाख ८७ हजार शिल्लक राहतात. त्यांचे काय करायचे, हे त्याला समजलेले नाही. त्याने ती रक्कम दहाव्या वर्षी तोटा म्हणून एकदम वजा केली आहे.

शहापूर_सीए

तिथेच या विषयातली खरी गंमत आहे, म्हणून जरा सावकाश लिहितो.

प्राप्तिकरात प्रत्येक मशीनचा वेगळा हिशोब राहत नाही. एकाच दराच्या सगळ्या मशिनी एका गटात जातात. आपल्या लेथ, ड्रिलिंग आणि ही व्हीएमसी एकाच गटात बसतील. व्हीएमसी विकली की ५ लाख त्या गटाच्या शिल्लकेतून वजा होतात, आणि जोपर्यंत गटात दुसरी मशीन आहे तोपर्यंत उरलेली शिल्लक पुढेही दरवर्षी १५ टक्क्यांनी झिजत राहते. तोटा एकदम मिळत नाही, आणि बुडतही नाही. मशीन गेल्यानंतर पाच-सहा वर्षांनीही तिच्या घसाऱ्याची थोडी थोडी करबचत हाती येत असते.

ही न संपणारी शेपटी धरून हिशोब करणे कठीण वाटते, पण उलट ते सोपे आहे. दरवर्षी उरलेल्याचे १५ टक्के आणि परतावा १२ टक्के, असे अनंत काळ चालले तर साऱ्या घसाऱ्याचे आजचे मूल्य असे निघते:

```
40 × 0.15 / (0.12 + 0.15) = 22.22
```

याच्या ३१.२ टक्के म्हणजे ६ लाख ९३ हजार. ही पूर्ण करबचत झाली. दहाव्या वर्षी विक्रीचे ५ लाख गटातून गेल्यामुळे त्यांच्यावरचा पुढचा घसारा जातो. त्याची किंमत आज सुमारे ३१ हजार आहे. ती वजा केली की ६ लाख ६२ हजार उरतात. आता बेरीज पाहा. ३३.०४, ६.६२ आणि १.६१ मिळून ४१.२७ लाख होतात, म्हणजे एनपीव्ही अधिक १ लाख २७ हजार.

हिंदवाडी_इंजिनिअर

सीए साहेब, एक बारीक हरकत. आपल्या आणि टर्नरदादांच्या निकालात २ लाख १५ हजारांचा फरक आहे, पण तो सगळा घसाऱ्याच्या पद्धतीतून आलेला नाही. टर्नरदादांनी १५ वर्षांची रेषा घेऊन दहाव्या वर्षी हिशोब थांबवला आहे. त्यांच्याच पद्धतीने तेव्हा मशीनचे पुस्तकी मूल्य १४ लाख ६७ हजार असायला हवे, आणि ती ५ लाखांना विकल्यावर ९ लाख ६७ हजारांचा तोटा होतो. त्यावरची करबचत त्यांनी धरलेलीच नाही. आजच्या मूल्यात ती सुमारे ९७ हजार होते. ती धरली तर सरळ रेषेनेही एनपीव्ही शून्याच्या किंचित वर, अधिक ९ हजार येतो. म्हणून पद्धतीमुळे पडलेला खरा फरक १ लाख १८ हजारांचा आहे, आणि बाकीचा विसरण्यामुळे.

शहापूर_सीए

पूर्णपणे मान्य. मी ते वेगळे काढून दाखवायला हवे होते.

टिळकवाडी_निवृत्त

असो, शेवटी घटते मूल्यच सरस ठरले की नाही?

हिंदवाडी_इंजिनिअर

काका, नेहमीच नाही. सरळ रेषा १५ वर्षांऐवजी १० वर्षांची आणि शून्य भंगार किमतीची असती तर काय झाले असते, ते मी काढून पाहिले. दरवर्षी ४ लाख घसारा, त्याचे दहा वर्षांचे आजचे मूल्य २२.६० लाख, आणि करबचत ७ लाख ५ हजार. विक्री बाजूला ठेवून घटत्या मूल्याची १५ टक्क्यांची करबचत ६ लाख ९३ हजार होती. म्हणजे इथे सरळ रेषा १२ हजारांनी पुढे आहे.

कारण साधे आहे. घटत्या मूल्याने पहिल्या वर्षी ६ लाख, दुसऱ्या वर्षी ५.१० आणि तिसऱ्या वर्षी ४.३४ लाख मिळतात, पण चौथ्या वर्षीच घसारा ३.६८ लाखांवर, म्हणजे रेषेच्या खाली येतो. एकूण बेरजेत तो सहाव्या वर्षापर्यंत पुढे राहतो, सातव्या वर्षी २७.१८ विरुद्ध २८ असा मागे पडतो, आणि दहाव्या वर्षी रेषेचे ४० लाख पूर्ण झालेले असताना त्याचे जवळपास ८ लाख अजून बाकी असतात. सुरुवातीच्या घाईने जे कमावले, ते शेपटीच्या रेंगाळण्याने गमावले. नुसते पद्धतीचे नाव पाहून काही कळत नाही. दर किती आणि वर्षे किती, हे पाहिल्याशिवाय तुलना होत नाही.

शहापूर_सीए

हे उदाहरण शिकण्यासाठी चांगले आहे, परंतु ती दहा वर्षांची रेषा प्राप्तिकर आपल्याला देत नाही, हेही इथेच नोंदवतो. सरळ रेषा की घटते मूल्य, अशी खरी निवड वीजनिर्मिती करणाऱ्या उपक्रमांना आहे. त्यांच्यासाठी सरळ रेषेचे वेगळे दर आहेत. घटते मूल्य हवे असल्यास पहिल्या वर्षाच्या विवरणाची मुदत संपण्याआधी तसे कळवावे लागते, आणि एकदा निवडलेली पद्धत पुढे बदलता येत नाही. बाकी आपल्यासारख्यांच्या हाती पद्धत नसते. हाती असतो तो काळ, म्हणजे मशीन केव्हा वापरात आणायची हे.

उद्यमबाग_टर्नर

काळ म्हणजे नेमके काय? पुरवठादार सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मशीन देतो म्हणतो.

शहापूर_सीए

मग हे नीट वाचा. आर्थिक वर्षात मशीन १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. ३१ मार्चपासून मागे मोजले तर साध्या वर्षात ३ ऑक्टोबर ही शेवटची तारीख येते. त्या दिवसापर्यंत मशीन वापरात आली तर पहिल्या वर्षी ६ लाख, आणि ४ ऑक्टोबरला आली तर ३ लाख. उरलेले ३ लाख बुडत नाहीत, ते गटाच्या शिल्लकेत राहून त्याच १५ टक्क्यांच्या गतीने हळूहळू मिळतात. पण त्या लांबण्याची किंमत आहे. घसाऱ्याचे आजचे मूल्य २२.२२ वरून २१.०३ लाखांवर येते, आणि करबचत सुमारे ३७ हजारांनी घटते.

मशीन शेडमध्ये उतरली म्हणजे वापरात आली असे होत नाही. गेल्या काही वर्षांत एका ओळखीच्या शॉपची मशीन २६ सप्टेंबरला पेटीतून बाहेर निघाली, पायावर बसली, पण वीजजोडणीचा वाढीव भार वेळेवर न मिळाल्यामुळे पहिला जॉब ७ ऑक्टोबरला लागला. त्यांच्या रजिस्टरवर त्या तारखेला 'पंप बॉडी, बोअरिंग, ४ नग, पहिला पीस नापास' अशी ऑपरेटरच्या हातची नोंद होती. पीस नापास झाला तरी मशीन चालली हे त्या नोंदीने सिद्ध झाले, पण तारीख मात्र चार दिवसांनी चुकली होती. म्हणून भाराचा अर्ज मशीनच्या ऑर्डरबरोबरच करावा आणि पहिल्या जॉबचा कागद जपून ठेवावा.

वडगाव_पॅटर्न

आमच्या पॅटर्न शॉपचा अनुभव सांगतो. सीएनसी राउटर घेतला त्या वर्षी काम इतके थंड होते की नफाच नव्हता. घसारा भरपूर होता, पण तो वजा कशातून करायचा? सगळा पुढे ओढला गेला. कर वाचला तो तिसऱ्या वर्षी. मग लवकरच्या घसाऱ्याचा उपयोग काय झाला?

हिंदवाडी_इंजिनिअर

आपल्या बाबतीत खरोखरच फारसा झाला नाही. न वापरलेला घसारा पुढच्या वर्षांत कितीही काळ नेता येतो, त्यामुळे पैसा बुडाला नाही, पण पहिल्या वर्षाची बचत तिसऱ्या वर्षी आली की १२ टक्क्यांनी तिचे मूल्य पाचव्या हिश्श्याने कमी होते. १ रुपयाचे ८० पैसे. माझ्या मते शीटमध्ये घसाऱ्याच्या ओळीखाली 'यातला किती नफ्यातून वजा झाला' अशी आणखी एक ओळ हवी आणि कर तिच्यावरच काढावा. टर्नरदादा, तुमच्या दोन लेथवरचा नफा वर्षाला ६ लाखांहून बराच जास्त आहे ना? तो नसेल तर हा सगळा वाद पुस्तकी ठरतो.

उद्यमबाग_टर्नर

भागीदारांचा पगार आणि व्याज वजा जाता मागच्या वर्षी ११ लाख होता. नव्या मशीनचे मिळून पहिल्या वर्षी पंधराच्या पुढे जाईल.

शहापूर_सीए

मग आणखी एक गोष्ट, जी या धाग्यात आतापर्यंत कोणी काढली नाही. उत्पादन करणाऱ्या उद्योगाला नव्या यंत्रावर पहिल्या वर्षी २० टक्के अतिरिक्त घसारा घेता येतो. कमी दराच्या कर योजनेत गेलेल्या कंपन्यांना तो मिळत नाही, पण आपण ३१.२ टक्के भरणारी भागीदारी संस्था आहात. तो मिळाला तर पहिल्या वर्षी १५ अधिक २०, म्हणजे १४ लाख वजा होतात, आणि पुढचा हिशोब २६ लाखांवर चालतो. करबचतीचे आजचे मूल्य ६.९३ वरून ७.९२ लाखांवर जाते. आपला एनपीव्ही १ लाख २७ हजारांऐवजी सव्वादोन लाखांच्या आसपास येतो. एकूण घसारा तेवढाच, ४० लाख. फक्त त्यातला ८ लाखांचा तुकडा पुढे सरकला. १५ लाखांच्या नफ्यात १४ लाखांचा घसारा जेमतेम मावतो, हे मात्र पाहून ठेवा.

हिंदवाडी_इंजिनिअर

जॉबवर्कला उत्पादन मानतील का, हा प्रश्न उरतोच. कास्टिंग फाउंड्रीचे, मालकी फाउंड्रीची, आपण फक्त मशीनिंग करतो.

शहापूर_सीए

माल दुसऱ्याचा असला तरी प्रक्रियेनंतर वेगळी, वापरण्याजोगी वस्तू तयार होत असेल तर तो दावा करता येतो, असे माझे मत आहे, आणि मी तो करतो. खडबडीत कास्टिंगपासून सांधे जुळणारी व्हॉल्व्ह बॉडी होणे हे त्यात बसते. नुसती दोन भोके पाडून देणे बसेल, असे मी म्हणणार नाही. तपासणीत विचारणा होऊ शकते, म्हणून निर्णय घेताना तो अतिरिक्त १ लाख धरू नका. मशीन त्याच्याशिवाय परवडत असेल तरच घ्या.

टिळकवाडी_निवृत्त

पुस्तकाचा आणि प्राप्तिकराचा घसारा वेगळा, हे मी मान्य करतो. इतकी वर्षे अहवाल तपासताना मी त्याच एका ओळीवर कर काढलेला पाहत आलो आणि कधी हटकले नाही. पण १२ टक्के दर मला पटत नाही. कर्ज १०-१०.५ टक्क्यांना मिळते, त्याच्या व्याजावरही कर वाचतो. शिवाय करबचत ही धंद्याच्या उत्पन्नासारखी अनिश्चित नसते, ती कायद्याने ठरलेली आहे. तिला ९ टक्के लावायला काय हरकत आहे?

हिंदवाडी_इंजिनिअर

वडगावकरांनी आत्ताच सांगितले की ती ठरलेली नसते. नफा असेल तरच ती मिळते, म्हणजे धंद्याची अनिश्चितता तिलाही चिकटलेलीच आहे.

विक्री बाजूला ठेवून आणि रेषा पूर्ण १५ वर्षे चालवून ९ टक्क्यांनी करून पाहिले. घटत्या मूल्याची करबचत ७.८० लाख, १५ वर्षांच्या रेषेची ६.३७ लाख. अंतर १ लाख ४३ हजार. १२ टक्क्यांना हेच अंतर १ लाख ५५ हजार होते. दर कमी झाला की वाट पाहण्याची किंमत कमी होते, म्हणून अंतर आकसते, पण फार नाही.

टिळकवाडी_निवृत्त

वडगावकरांसारखी वर्षे किती येतात? दहात एक-दोन. त्यासाठी दहाही वर्षांना धंद्याचा दर लावणे मला जास्तीचे वाटते. आपले यावर जमणार नाही.

उद्यमबाग_टर्नर

सगळ्यांचे आभार. अहवाल करणाऱ्यांना आज फोन केला. बँकेच्या तक्त्यात ते सरळ रेषा तशीच ठेवणार आहेत, पण कराची ओळ १५ टक्क्यांवरून वेगळी काढून देतो म्हणाले. पुरवठादाराला मशीन २६ सप्टेंबरऐवजी १५ ला मागितली आहे. तो म्हणतो, त्यासाठी १५ हजार जादा वाहतूक पडेल, कारण माझ्या एकट्याच्या मशीनसाठी गाडी पाठवावी लागेल. ३७ हजारांसमोर १५ हजार देणे परवडते, पण भाराची मंजुरी आल्याखेरीज होकार देत नाही. अर्ज उद्या देतो.

शहापूर_सीए

ते १५ हजार मशीनच्या किमतीतच धरा, त्यांच्यावरही घसारा मिळतो. आणि जीएसटीचे क्रेडिट घेणार असाल तर ती रक्कम किमतीत मिळवू नका. दोन्हीकडे घेतली तर क्रेडिट जाते.